उपाशी पिसवेची गोष्ट

'उंदीर पडला' हा शब्दप्रयोग आता ऐकू येत नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वीपर्यंत मात्र महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत या दोन शब्दांनी चुली विझत आणि बैलगाड्या जुंपल्या जात. घराच्या आढ्यावरून एखादा उंदीर झिंगल्यासारखा खाली यायचा, भर दिवसा माणसांदेखत गरगर फिरायचा आणि मरून पडायचा. मग शहाणी माणसे वैद्याची किंवा मामलेदाराची वाट पाहत बसत नसत. धान्याची पोती, जाते आणि लेकरे घेऊन ती गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहायला जात आणि दोन-तीन महिन्यांनी परतत. मागे राहिलेल्यांच्या जांघेत नाहीतर काखेत गाठ येई, ताप चढे, आणि बहुतेकजण आठवडाही काढीत नसत.

या अडाणी म्हणवल्या गेलेल्या लोकांना जे कळले होते ते शास्त्रज्ञांना पटायला मुंबईची साथ सुरू झाल्यापासून दहा वर्षे लागली. उंदीर पडला की माणूस का पडतो, आणि तो लगेच न पडता दहा-पंधरा दिवसांनी का पडतो, या एका प्रश्नाच्या उत्तरात प्लेगचे सारे रहस्य साठवलेले आहे. त्या उत्तराचा बराच भाग आपल्या मुंबईत, परळच्या जुन्या सरकारी वाड्यात सापडला. म्हणून ती हकीकत मुंबईपासूनच सांगितलेली बरी.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीचा ताप ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. वर माणसांच्या खोल्या, खाली पोत्यांच्या थप्प्या, आणि दोहोंच्या मध्ये उंदीर. रोगाचा जंतू तोवर सापडलेला होता. १८९४ साली हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येरसँ या तरुण डॉक्टरने एका गवती झोपडीत प्रयोगशाळा थाटून मेलेल्यांच्या गाठींतून तो शोधून काढला होता. शहरात मरून पडलेल्या उंदरांतही त्याला तोच जंतू आढळला होता. परंतु जंतू सापडला म्हणजे त्याची वाट सापडली असे होत नाही. तो उंदरातून माणसात येतो कसा? हवेतून, पाण्यातून, जमिनीतून, धान्यातून की कपड्यांतून, याचा पत्ता नव्हता.

पत्ता नसताना उपाय करावे लागले आणि तिथेच अनर्थ झाला. मुंबईत गटारांतून कार्बोलिक ॲसिडचे लोंढे सोडले, भिंतींना चुना फासला. पुण्यात १८९७ च्या फेब्रुवारीत रँड साहेबाची नेमणूक झाली. गोरे शिपाई घरात घुसून माणसांची अंगे तपासू लागले. आजाऱ्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेऊ लागले. सामान जाळू लागले. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांच्या पिस्तुलाने कसा झाला, ते शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच वर्षी मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. एवढे होऊनही साथ हटली नाही. हटणार तरी कशी? शिपाई माणसांना धरीत होते. ज्याला धरायचे तो कौलांत आणि बिळात होता.

नेमक्या पुढल्याच वर्षी, १८९८ च्या जूनमध्ये, पोल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर कराचीच्या एका हॉटेलात उतरला होता. मुंबईतही त्याने काम केले होते. कित्येक रोग्यांच्या अंगावर, बहुधा पायावर, एक बारीक फोड असतो आणि त्या फोडात प्लेगचे जंतू असतात, हे त्याने टिपून ठेवले होते. हा फोड एखाद्या किड्याच्या दंशाचा असावा असा त्याचा तर्क होता. त्याने एक मोठी काचेची बरणी घेतली, तळाशी वाळू घातली, आणि प्लेगच्या घरातून आणलेला, पिसवांनी भरलेला मरणोन्मुख उंदीर तीत सोडला. मग बारीक जाळीच्या पिंजऱ्यात एक धडधाकट उंदीर ठेवून तो पिंजरा त्याच बरणीत टांगला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणे शक्य नव्हते. पिसवांना मात्र उड्या मारायला रान मोकळे होते. पहिला उंदीर मेला. त्याचे कलेवर दीड दिवस तसेच ठेवले आणि मग काढले. पाचव्या दिवशी दुसरा उंदीर लंगडू लागला आणि सहाव्या दिवशी मेला. त्याच्या अंगात गाठी होत्या आणि गाठींत जंतू होते. अंगावर पिसवा नसलेले रोगी उंदीर घेऊन हाच प्रयोग केला तेव्हा शेजारच्या उंदराला काही झाले नाही.

एवढा साधा, एवढा सुबक प्रयोग! पण विद्वानांनी तो मानला नाही. सरकारने नेमलेल्या पहिल्या प्लेग कमिशनने उंदराला आणि पिसवेला जवळजवळ निर्दोषच सोडले. सिमाँला आपल्या हयातीत मान्यता मिळाली, पण उशिरा. आणि तो उशीर ज्यांना भोवला ते लोक फ्रान्सचे नव्हते.

पुढचे काम मुंबईत ग्लेन लिस्टन या डॉक्टरने उचलले. त्याने एक फार साधी गोष्ट केली: पिसवा मोजल्या. उंदरावरची पिसू वेगळी, मांजर-कुत्र्यावरची वेगळी आणि माणसावरची वेगळी. उंदरावरच्या पिसवेला झेनोप्सिला चिओपिस असे नाव आहे. पिरॅमिड बांधणाऱ्या चिओप्स राजाचे नाव तिला मिळाले, कारण ती प्रथम नाईलच्या काठी पकडली गेली. एरवी माणसाच्या अंगावर ही पिसू सापडत नाही म्हटले तरी चालेल. तिला उंदराचे रक्त बरे. पण ज्या चाळीत उंदीर पडले होते आणि रहिवासी 'एकाएकी पिसवा फार झाल्या' म्हणून तक्रार करीत होते, तिथल्या माणसांच्या पायांवर पकडलेल्या पिसवांपैकी जवळजवळ निम्म्या उंदराच्या निघाल्या. यजमान मेला होता. त्याचे अंग थंड पडल्यावर पाहुण्यांनी दुसरे घर शोधले होते.

१९०५ साली नवे संशोधक मंडळ परळला बसले. त्यांनी मुद्दाम छोट्या खोल्या बांधून त्यांत गिनीपिग सोडले. गिनीपिग हा पिसवा गोळा करणारा सापळाच. पिसवा असलेल्या खोलीत रोगी आणि निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले की रोग पसरे. पिसवा काढून टाकल्या की दोघे एका पात्रात जेवले आणि एकमेकांच्या घाणीत लोळले तरी पसरत नसे. एक पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर टांगला. त्यातले जनावर मेले. दुसरा दोन फुटांवर टांगला, त्यातले जगले. पिसू काही इंचांपलीकडे उडी घेऊ शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. हवेतून रोग येत असता तर दोन फुटांचे अंतर त्याला अडवते ना. माणसांतल्या गाठीच्या रोगाबद्दल मंडळाने स्पष्टच लिहिले की तो उंदरांतल्या रोगावर अवलंबून आहे, आणि रोग्यापासून शेजाऱ्याला तो सहसा लागत नाही. रँडच्या शिपायांनी माणसांची ताटातूट केली ती बव्हंशी व्यर्थ होती, असे त्याचे मराठी भाषांतर होते.

एक अपवाद इथेच सांगून टाकतो. जंतू कधी रोग्याच्या फुप्फुसात शिरतात. मग खोकल्याच्या तुषारांतून रोग थेट माणसातून माणसात जातो. तिथे पिसवेचे काम नाही. तो प्रकार अतिशय घातक, आणि तिथे रोग्याला वेगळे ठेवणेच इष्ट.

आता खरा पेच. पिसू चावते म्हणून रोग होतो हे ठरले. पण पिसवेच्या पोटात गेलेले जंतू परत बाहेर येतात कसे? पिसू रक्त आत ओढते. डासासारख्या तिच्या लाळेत प्लेगचे जंतू उतरत नाहीत. जे पोटात गेले ते शेपटाकडून बाहेर जावे. मग ते तोंडाशी कसे आले?

हे कोडे सोडवणारा माणूस डॉक्टर नव्हता, प्राध्यापकही नव्हता. आर्थर बॅकॉट हा लंडनच्या एका कचेरीत वर्षानुवर्षे कारकुनी करणारा गृहस्थ. पतंग आणि किडे पाळण्याचा त्याला नाद. त्या नादातून त्याची कीर्ती झाली आणि वयाच्या पंचेचाळिशीत लिस्टर इन्स्टिट्यूटने त्याला कीटकशास्त्रज्ञ म्हणून घेतले. १९१४ साली त्याने आणि तिथल्या चार्ल्स मार्टिन या प्रमुखांनी मिळून जे पाहिले ते असे.

पिसवेचा घसा आणि पोट यांच्यामध्ये खसखशीच्या दाण्याहूनही लहान अशी एक पिशवी असते. तिच्या आतून बारीक काट्यांच्या रांगा असतात. पिसू रक्त ओढीत असते तेव्हा हे दार उघडते. एरवी ते काटे एकमेकांत अडकून मिटलेले असते, म्हणजे पोटातले रक्त उलटे येऊ नये. निरोगी पिसू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर रक्त सरळ घशातून पोटात उतरताना दिसते. पण प्लेगच्या उंदरावर पोसलेल्या काही पिसवा बॅकॉटला निराळ्या दिसल्या. त्या पुनःपुन्हा चावत होत्या, जिवाच्या आकांताने ओढत होत्या आणि तरी त्यांच्या पोटात रक्ताचा थेंब पोचत नव्हता. घसा ताज्या लाल रक्ताने फुगलेला, त्याच्या खाली त्या काटेरी दारात एक काळपट गोळा, आणि पलीकडे पोट रिकामे. तो गोळा जंतूंचाच होता. काट्यांच्या गुंत्यात त्यांनी घर केले होते, वाढता वाढता चिकट बुळबुळीत थर धरला होता आणि शेवटी दार बुजवून टाकले होते.

पुढे काय होते ते आपल्या घरच्या तुंबलेल्या मोरीवरून समजेल. वरून पाणी ओतत राहिले तर ते खाली जात नाही; बोळ्यावर आपटते, गढूळ होते आणि माघारी येते. पिसू रक्त ओढते, ते गोळ्यावर आदळते, त्यातले जंतू सुटून रक्तात मिसळतात. ओढून ओढून थकलेल्या पिसवेचे स्नायू सैल पडतात, ताणलेला घसा रबरासारखा आकसतो, आणि ते दूषित रक्त जखमेत परत ओकले जाते. भूक भागत नाही म्हणून ती पुन्हा चावते, इथे नाही तर तिथे. दार बुजलेली पिसू दोन-चार दिवसांत उपासमारीने मरते. पण त्या दोन-चार दिवसांत ती जितकी चावते तितकी सुखी पिसू महिन्यातही चावत नसेल.

जंतू शिरल्यापासून दार बुजायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात, आणि सगळ्याच पिसवांचे बुजत नाही. पुष्कळजणी जंतू पचवून किंवा बाहेर टाकून मोकळ्या होतात. म्हणूनच या जंतूला एवढे क्रूर व्हावे लागले असावे. पिसवेच्या एका इवल्याशा घोटात पुरेसे जंतू जावेत यासाठी उंदराच्या रक्ताच्या प्रत्येक थेंबात ते लाखांनी असावे लागतात, आणि रक्त इतके भरले की उंदीर मरणाच्या दारात उभा असतो. यजमानाला मारल्यावाचून गाडी बदलता येत नाही, असा हा प्रवासी.

प्लेगचा जंतू हा पोटात साधा विकार करणाऱ्या एका जंतूचाच वंशज आहे, हे गेल्या काही दशकांत सिद्ध झाले. पिसवेच्या पोटात तग धरण्यासाठी त्याने बाहेरून एक जनुक मिळवले, आणि चिकट थराला आवर घालणारी त्याची काही जुनी जनुके निकामी झाली. एवढ्या थोड्या फेरफाराने आतड्यातला एक सामान्य रोगजंतू इतिहासातला सर्वांत मोठा मारेकरी झाला. अलीकडे असेही दिसले आहे की दार बुजण्यापूर्वी, पहिल्या तीन-चार दिवसांतही पिसू कधी कधी रोग देऊ शकते. बॅकॉटचा शोध त्याने खोटा ठरत नाही; फक्त एवढेच, की निसर्गाने आपले सगळे पैसे एकाच घोड्यावर लावलेले नाहीत. बॅकॉट स्वतः १९२२ साली कैरोला उवांमुळे पसरणाऱ्या टायफस तापाचा अभ्यास करीत असताना त्याच तापाने गेला.

हे एक दार समजले म्हणजे साथींचे पंचांग उलगडते. उष्णता साधारण सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या पुढे जाऊ लागली की तो गोळा नीट धरत नाही, सुटा होतो. शिवाय कोरड्या कडक हवेत पिसवा लवकर मरतात. मुंबईत प्लेग डिसेंबर-जानेवारीत चढू लागे, मार्च-एप्रिलमध्ये शिखर गाठी आणि जूनपर्यंत उतरे. पुण्यात मात्र तो पावसाळ्याच्या उत्तरार्धात, गणपती ते दसरा-दिवाळी या दिवसांत भडके आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात विझे. दोन शहरांत अवघे पाऊणशे कोस अंतर नाही, जंतू तोच, पिसू तीच. पण घाटावरचा उन्हाळा कोरडा आणि श्रावण-भाद्रपद थंड, दमट. लोक म्हणत, देवी कोपली आणि देवी शांत झाली. देवीच्या कोपाला उष्णतामापकाचे इतके भान असेल असे कुणाला वाटले नव्हते.

आणि आता दहा-पंधरा दिवसांचा हिशेब. मुंबईत दोन जातींचे उंदीर होते. एक तपकिरी, दांडगा, गटारात आणि वखारींत राहणारा, ज्याला आपण घूस समजतो त्याच्याशी लोक त्याची गल्लत करतात. दुसरा काळा, चपळ, माणसाच्या घरात, कौलांत आणि कोनाड्यांत राहणारा. परळच्या मंडळाने शहरभरातून मेलेले उंदीर गोळा करून आलेख काढले. आधी गटारातले तपकिरी उंदीर मरतात. त्यांच्यानंतर साधारण दहा दिवसांनी घरातले काळे उंदीर मरतात. त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसांच्या मृत्यूंचा आलेख वर उठतो. या शेवटच्या अंतराची फोडही त्यांनी केली. उंदीर मेल्यावर पिसू नाइलाज होऊन माणसाला चावेपर्यंत सुमारे तीन दिवस. चावल्यापासून ताप येईपर्यंत आणखी तीन. आणि तापापासून मृत्यूपर्यंत सरासरी साडेपाच. बेरीज साडेअकरा. आढ्यावरून उंदीर पडताच गाडी जुंपणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती किती वेळ होता तो हा: पहिले तीन दिवस. तेवढ्यात तो माळावर गेला तर पिसवा रिकाम्या घरात उपाशी मरत.

उंदीर मेले, तर पुढच्या वर्षी रोग परत कसा येई? सगळे उंदीर मरत नाहीत. काही वाचतात आणि त्यांच्या अंगी प्रतिकारशक्ती येते. तेवढ्यापुरता रोगाला खायला उरत नाही. पण उंदरीण तीन आठवड्यांत विते आणि तिची पिले तीन-एक महिन्यांत विण्याजोगी होतात. नव्या पिलांनी बिळे भरली की वाळलेल्या गवतासारखे जळण पुन्हा साठते. मुंबईत गटारांच्या अंधारात रोग उन्हाळा-पावसाळाभर धुगधुगत राही. लहान खेड्यांत तो विझे आणि धान्याच्या गाडीतून आलेल्या उंदरा-पिसवांबरोबर नव्याने येई. वर्षामागून वर्षे मार खाता खाता मुंबई-पुण्याचे उंदीर कणखर झाले. जिथे प्लेग फारसा झालाच नव्हता त्या मद्रासचे उंदीर आणून त्यांना तोच जंतू टोचला तर ते पटापट मरत, मुंबईचे पुष्कळसे वाचत. १९०७ नंतर साथी हळूहळू ओसरल्या त्यामागे माणसाच्या उपायांइतकाच या उंदरांच्या पिढ्यांचाही हात होता. मद्रास वाचले त्याचे श्रेयही तिथल्या नगरपालिकेला देता येत नाही. तिथल्या उंदरांवर पिसवेची एक वेगळी जात अधिक होती आणि ती रोग वाहण्यात कच्ची होती. १८९६ पासून पुढच्या अर्ध्या शतकात हिंदुस्थानात या रोगाने सुमारे सव्वा कोट माणसे नेली.

शहराचा उंदीर मात्र या रोगाचा मूळ मालक नव्हे. तो मरतो, याचा अर्थच तो नवखा आहे. दोन साथींच्या मध्ये दशकेच्या दशके रोग राहतो तो रानातल्या, बिळे करून कळपाने राहणाऱ्या उंदरांत. याचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला तो दूर कझाकस्तानच्या ओसाड मैदानात. तिथे जर्बिल नावाचे मोठे वाळवंटी उंदीर आहेत. त्यांची बिळे वर्षानुवर्षे टिकतात. उंदीर मेले तरी वसाहत शिल्लक राहते, ओस पडलेल्या गावासारखी. सोव्हिएत काळापासून तिथले लोक दर वर्षी किती बिळे भरलेली आहेत ते मोजत आले. त्या वह्यांतून २००४ साली एक गोष्ट बाहेर आली: भरलेल्या बिळांचे प्रमाण साधारण एक-तृतीयांशाच्या वर गेले म्हणजेच तिथे प्लेग पसरू शकतो, आणि तो लगेच नव्हे, तर सुमारे दोन वर्षांनी दिसतो. त्याहून कमी बिळे भरलेली असली तर एका बिळातली उपाशी पिसू पुढच्या भरल्या बिळापर्यंत पोचण्याआधीच मरते. म्हणजे पाऊस चांगला, गवत चांगले, उंदीर फार, आणि मग मरण. सुगीच्या मागून मरण येते, दुष्काळाच्या मागून नव्हे.

आपल्याकडे १९६६ नंतर प्लेगचा रोगी दिसेनासा झाला आणि डॉक्टरही त्याला विसरले. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. लोकांनी घरे सोडली, धान्य तिथेच राहिले. त्या धान्यावर उंदीर वाढले असावेत, असे पुष्कळ जाणकारांनी मांडले. पुढच्या वर्षी, १९९४ च्या ऑगस्टच्या आरंभी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरू लागले आणि पिसवा फार झाल्याची तक्रार आली. गाठीचे रोगी नोंदले गेले ते महिन्याच्या अखेरीस. सप्टेंबरात सुरत हादरली आणि तिथे रोगाचे रूप फुप्फुसाचे होते. त्या साथीबद्दल वाद झाले, पुष्कळ रोग्यांत जंतू सिद्ध झाला नाही, हेही खरे. औषधे आता आहेत. स्ट्रेप्टोमायसिनसारखे प्रतिजैविक वेळेवर मिळाले तर बहुतेक रोगी वाचतात. पण वेळेवर म्हणजे ताप आल्याच्या पहिल्या एक-दोन दिवसांत.

असल्या गावात शिरल्यावर करण्याच्या कामांचा क्रम ठरलेला आहे. आधी बिळांच्या तोंडाशी आणि उंदरांच्या वाटांवर कीटकनाशकाची भुकटी टाकायची, पिसवा मेल्याची खात्री करायची, आणि मगच उंदरांना विष घालायचे. उलट केले, घाबरून आधी उंदीर मारले, तर प्रत्येक मेलेल्या उंदरावरच्या पिसवा त्याच रात्री नव्या घराच्या शोधात निघतात.